अमेरिकेतल्या औषधाच्या बाटलीवरचं लेबल कसं वाचायचं

आपल्याकडे केमिस्टकडून औषध घेतलं की हातात कंपनीची स्ट्रिप येते. तिच्यावर औषधाचं नाव, एक्सपायरी, किंमत सगळं छापलेलं असतं. फक्त गोळी कधी आणि किती घ्यायची ते नसतं. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतं किंवा केमिस्ट पाकिटावर पेनाने लिहून देतो. अमेरिकेत नेमकं उलट आहे. तिथला फार्मासिस्ट बहुतेक वेळा मोठ्या बाटलीतून तुमच्यापुरत्या गोळ्या मोजून नारिंगी-तपकिरी प्लॅस्टिकच्या छोट्या बाटलीत भरतो. कंपनीचं वेष्टन तुमच्यापर्यंत येतच नाही आणि डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन कॉम्प्युटरवरून परस्पर फार्मसीत गेलेलं असतं. मग चिठ्ठी म्हणा, पाकीट म्हणा, स्ट्रिप म्हणा, सगळं काम त्या बाटलीवर चिकटवलेला एक कागद करतो. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना आणि तिथे नव्याने राहायला गेलेल्यांना तो ओळीओळीने वाचता यावा, म्हणून हा लेख.

एक लेबल समोर ठेवूनच बघू. न्यू जर्सीसारख्या राज्यात उन्हाळ्यात गवताळ भागात फिरताना गोचीड चावते, काही दिवसांनी त्वचेवर लाल वर्तुळ पसरतं आणि डॉक्टर लाइम रोगाचं निदान करून डॉक्सिसायक्लिन देतात. तिथे अगदी नेहमी घडणारी गोष्ट आहे ही. बाटलीवर साधारण असा मजकूर येतो (असतो अर्थातच इंग्रजीत):

आरएक्स नंबर 7041182, तारीख 06/05/2026
कुलकर्णी, सुनंदा
डॉक्सिसायक्लिन हायक्लेट 100 एमजी कॅप्सूल
टेक वन कॅप्सूल बाय माउथ टू टाइम्स डेली फॉर टेन डेज
क्वांटिटी 20, रिफिल्स 0
डिस्कार्ड आफ्टर 06/05/2027

त्याखाली डॉक्टरांचं नाव, फार्मसीचा पत्ता व फोन, औषध बनवणाऱ्या कंपनीचं नाव आणि कॅप्सूलच्या रंगाचं, आकाराचं आणि तिच्यावर उमटवलेल्या अक्षरांचं एका ओळीत वर्णन. बाजूला दोन-तीन रंगीत पट्ट्या.

आधी नाव, मग तारीख

नावाच्या ओळीकडे आपण बघतही नाही, पण मराठी घरात तिथे खरोखर घोटाळा होऊ शकतो. लेबलवर आडनाव आधी येतं. घरात सुनील, सुनंदा आणि सायली असे तिघे कुलकर्णी असले, पत्ता एकच असला आणि फार्मसीच्या पिशवीवरचं लांब नाव अर्धवट छापलं गेलं, तर दुसऱ्याचंच औषध हातात पडू शकतं. म्हणूनच काउंटरवर जन्मतारीख विचारतात. पिशवी घेतली की तिथेच उघडा, बाटली बाहेर काढा आणि बाटलीवरचं पूर्ण नाव वाचा. पिशवीवरचं नाव बरोबर आणि आतली बाटली दुसऱ्याची, असंही होतं. दुकानातून बाहेर पडल्यावर ही चूक निस्तरणं फार कटकटीचं असतं, कारण एकदा बाहेर नेलेलं औषध फार्मसी सहसा परत घेत नाही.

आता तारीख. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. वरच्या लेबलवरची 06/05/2026 ही 5 जून आहे, 6 मे नव्हे. दिवस तेरा किंवा त्यापुढचा असला तर चूक आपोआप लक्षात येते, कारण तेरावा महिना नसतो. पण महिन्याचे पहिले बारा दिवस फसवे असतात. लहान मुलाच्या पातळ औषधावर ‘डिस्कार्ड आफ्टर 06/09/2026’ लिहिलं असेल तर ते 9 जूननंतर टाकायचं आहे. आजी ते 6 सप्टेंबर वाचते आणि बाटली उन्हाळाभर फ्रिजमध्ये राहते. यावर सोपा उपाय आहे. घरी आल्यावर मार्कर घेऊन बाटलीच्या रिकाम्या बाजूवर महिन्याचं नाव अक्षरात लिहा: ‘9 जून’.

‘डिस्कार्ड आफ्टर’ ही तारीख कंपनीची एक्सपायरी असेलच असं नाही. कंपनीच्या सीलबंद बाटलीतून गोळ्या काढून दुसऱ्या बाटलीत भरल्या की फार्मसी साधारणपणे भरल्यापासून एक वर्ष किंवा कंपनीची एक्सपायरी, यातलं जे आधी येईल ते छापते. पावडरीत पाणी घालून केलेल्या पातळ अँटिबायोटिकचं आयुष्य मात्र दिवसांत मोजायचं असतं. अमॉक्सिसिलिनचं सस्पेन्शन पाणी घातल्यापासून 14 दिवस चालतं, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेटचं फ्रिजमध्ये ठेवूनही 10 दिवसच.

सूचनेची ओळ: 1-0-1 मध्ये उतरवून घ्या

सगळ्यात महत्त्वाची ओळ म्हणजे औषध कसं घ्यायचं ती. आपल्याला सवय असते डॉक्टरांच्या 1-0-1 ची: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. अमेरिकेत असं लिहायची पद्धत नाही, तिथे पूर्ण वाक्य असतं. वाक्य समजतं, पण समजणं आणि त्याप्रमाणे गोळ्या मोजणं यात फरक पडतो. 2006 साली अमेरिकेत 395 रुग्णांना लेबलं वाचायला देऊन एक अभ्यास झाला. ‘टेक टू टॅब्लेट्स बाय माउथ ट्वाइस डेली’ हे वाक्य, ज्यांना वाचन कमी जमत होतं अशांपैकीही सुमारे 71 टक्क्यांनी बरोबर सांगितलं. पण दिवसभराच्या गोळ्या काढून दाखवा म्हटल्यावर त्यांच्यातल्या सुमारे 35 टक्क्यांनाच चार गोळ्या काढता आल्या. बाकीच्यांची गाडी ‘टू’ या एकाच शब्दावर अडली.

म्हणून लेबल घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे वाक्याचं 1-0-1 करायचं. ‘वन कॅप्सूल टू टाइम्स डेली’ म्हणजे 1-0-1. ‘टू टॅब्लेट्स ट्वाइस डेली’ म्हणजे 2-0-2, एकूण चार. ‘वन टॅब्लेट अॅट बेडटाइम’ म्हणजे 0-0-1. हे चिकटपट्टीच्या तुकड्यावर लिहून बाटलीच्या रिकाम्या बाजूला लावा. लेबलवर लावू नका, कारण आरएक्स नंबर, म्हणजे प्रिस्क्रिप्शनचा क्रमांक, आणि औषधाचं नाव पुढे लागणार असतं.

‘अॅज नीडेड’ हे दोन शब्द आले की मात्र 1-0-1 चा हिशोब लागू होत नाही. ‘टेक वन टॅब्लेट एव्हरी सिक्स अवर्स अॅज नीडेड फॉर पेन’ याचा अर्थ दर सहा तासांनी गजर लावून गोळी घ्या असा नाही. दुखलं तरच घ्यायची, आणि पुन्हा दुखलं तरी मधे निदान सहा तास जाऊ द्यायचे. चोवीस तासांत जास्तीत जास्त चार. दुखत नसेल तर शून्य गोळ्या हेसुद्धा सूचना पाळणंच आहे.

याच ठिकाणी आपल्या लोकांसाठी एक खास सापळा आहे. दात काढल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर तिथे हायड्रोकोडोन-अॅसिटॅमिनोफेन अशी जोडगोळी देतात आणि लेबलवर 5-325 असे आकडे असतात. यातला 325 मिलिग्रॅमचा अॅसिटॅमिनोफेन म्हणजे आपला पॅरासिटामॉलच, फक्त अमेरिकेत त्याला वेगळं नाव आहे. लेबल वाचून कुणाला वाटतं, ही वेगळी गोळी दिसते, आणि अंग दुखतंय म्हणून भारतातून आणलेली 650 ची क्रोसिन किंवा डोलो सोबत सुरू राहते. हिशोब करून बघा: जोडगोळीच्या चार मात्रांमधून 1300 मिलिग्रॅम आणि 650 च्या तीन गोळ्यांमधून 1950, म्हणजे दिवसाला 3250 मिलिग्रॅम. निरोगी प्रौढासाठी वरची मर्यादा 4000 धरतात, पण बरेच डॉक्टर 3000 च्या वर जाऊ देत नाहीत, आणि यकृत आधीच नाजूक असेल तर त्याहून बरंच कमी. नावं बदललेली औषधं आणखीही आहेत. दम्याच्या पंपातलं आपलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होतं, मधुमेहाचं ग्लिबेनक्लामाइड तिथे ग्लायब्युराइड होतं. भारतातून नेलेल्या सगळ्या स्ट्रिप्सचे फोटो फोनमध्ये ठेवा आणि नवं औषध घेताना फार्मासिस्टला ते दाखवून ‘यातलं काही दुहेरी होतंय का’ एवढं विचारा. हा प्रश्न ऐकायला तो तिथे बसलेलाच असतो, आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

पातळ औषधाच्या ओळीत दोन प्रकारचे आकडे शेजारीशेजारी येतात. ‘400 एमजी पर 5 एमएल’ ही औषधाची तीव्रता झाली, पाच मिलिलिटरमध्ये 400 मिलिग्रॅम औषध आहे एवढंच ती सांगते. मुलाला किती द्यायचं ते सूचनेच्या ओळीत असतं, उदाहरणार्थ ‘गिव्ह 6 एमएल ट्वाइस डेली फॉर टेन डेज’. तीव्रतेचा पाच हा आकडा मात्रा समजून पाच मिलिलिटर देणं ही नेहमीची चूक आहे. आणि हे मोजायला घरातला चमचा घेऊ नका. चहाचा चमचा प्रत्येक घरात वेगळा असतो. फार्मसीत सुई नसलेली, मिलिलिटरच्या खुणा असलेली तोंडाने द्यायची सिरिंज मागा. ती बहुतेक वेळा फुकट मिळते.

क्वांटिटी भागिले रोजच्या गोळ्या

क्वांटिटीचा आकडा बहुतेक लोक बिलासारखा वाचतात: वीस मिळाल्या, ठीक. खरं तर लेबल तपासायचं सगळ्यात चांगलं साधन तोच आहे. क्वांटिटीला रोजच्या गोळ्यांनी भागा. आपल्या उदाहरणात 20 भागिले 2 म्हणजे 10 दिवस, आणि सूचनेतही दहाच दिवस आहेत. दोन्ही जुळले. सुनंदाबाईंनी 5 जूनला संध्याकाळी पहिली कॅप्सूल घेतली तर 6 ते 14 जून रोज दोन आणि 15 जूनला सकाळी शेवटची. त्या सकाळनंतर बाटलीत दोन कॅप्सूल उरल्या असतील तर दोन मात्रा चुकल्या आहेत. 14 लाच बाटली रिकामी झाली तर कधीतरी दुहेरी घेतली गेली किंवा मोजताना कमी भरल्या गेल्या. म्हणून घरी आल्यावर पहिली मात्रा घेण्याआधीच एकदा मोजून घ्या. कमी निघाल्या तर त्याच दिवशी, बाटली न वापरता, फार्मसीला फोन करा. आठवडा उलटल्यावर केलेली तक्रार तुम्हाला सिद्ध करता येत नाही आणि त्यांना तपासता येत नाही.

भागाकार जुळला नाही तर काहीतरी विचारण्यासारखं आहे असं समजा. सूचना दहा दिवसांची आणि क्वांटिटी 14 असेल तर फार्मसीकडे साठा कमी होता आणि उरलेल्या सहा नंतर देणार आहेत, असं असू शकतं. अशा वेळी बहुधा वेगळी चिठ्ठी असते किंवा काउंटरवर सांगतात, पण घाईत ते राहून जातं. किंवा सूचना टाइप करताना चूक झाली असेल, एकदा ऐवजी दोनदा पडलं असेल. ही दुसरी शक्यता धोक्याची. रक्तदाबाची 30 गोळ्यांची बाटली महिन्याची म्हणून दिली आणि लेबलवर दिवसातून दोनदा लिहिलं असेल, तर पंधरा दिवस वाट बघू नका. गोळी घेण्याआधीच फोन करा.

गोळ्या नसतील तिथे क्वांटिटीचं एकक बदलतं, आणि लेबलवर ते नेहमी स्पष्ट लिहिलेलं नसतं. डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीवर ‘5’ असेल तर ते पाच मिलिलिटर, थेंब नव्हेत. दम्याच्या पंपावर ‘8.5’ दिसलं तर ते ग्रॅममधलं वजन आहे. त्यात 200 फवारे असतात आणि किती उरले ते पंपावरचा काउंटर दाखवतो. पातळ अँटिबायोटिकच्या बाबतीत भागाकार मुद्दामच जास्त येतो. 6 मिलिलिटर दिवसातून दोनदा, दहा दिवस, म्हणजे 120 मिलिलिटर हवं, पण अमॉक्सिसिलिनच्या बाटल्या ठराविक मापाच्या येतात. त्यामुळे पुष्कळदा 100 ची एक आणि 50 ची एक अशा दोन दिल्या जातात आणि लेबलवर 150 पडतं. दहा दिवसांनी 30 मिलिलिटर उरणारच. ते टाकून द्यायचं, पुढच्या सर्दीसाठी ठेवायचं नाही.

रिफिल्स: तीन म्हणजे एकूण चार

‘रिफिल्स 3’ म्हणजे ही बाटली धरून तीन वेळा नव्हे, ही बाटली सोडून आणखी तीन वेळा. रोज एक गोळी, 90 गोळ्यांची बाटली आणि तीन रिफिल असतील तर एकूण 360 दिवसांचं औषध मंजूर आहे आणि मधे डॉक्टरांकडे जायची गरज नाही. प्रत्येक वेळी नव्या बाटलीवर हा आकडा एकाने कमी होतो. रिफिल मागताना फोनवरची यंत्रणा किंवा फार्मसीचं अॅप आरएक्स नंबर विचारतं. वर्षभराने डॉक्टरांनी तेच औषध पुन्हा लिहून दिलं की नंबर नवा मिळतो. जुनी बाटली समोर धरून जुना नंबर दाबत बसलात तर ‘रिफिल शिल्लक नाही’ असंच उत्तर येईल, औषध मंजूर असूनही.

आकड्याबरोबर बहुधा एक तारीख असते: ‘रिफिल 3 टाइम्स बिफोर 01/12/2027’. बहुतेक राज्यांत साध्या औषधाचं प्रिस्क्रिप्शन लिहिल्यापासून एक वर्ष चालतं. वर्ष मोजायचं ते डॉक्टरांनी लिहिलेल्या दिवसापासून, तुम्ही पहिली बाटली घेतली त्या दिवसापासून नव्हे. भारतातून औषधं घेऊन गेलेल्यांना हा फरक नडतो. समजा अटॉर्वास्टॅटिन 20 मिलिग्रॅम, 90 गोळ्या, तीन रिफिल असं 12 जानेवारी 2026 ला लिहून दिलं. लगेच घ्यायला सुरुवात केली तर पुढच्या बाटल्या 12 एप्रिल, 11 जुलै आणि 9 ऑक्टोबरला येतात आणि शेवटची 7 जानेवारी 2027 पर्यंत पुरते. जवळजवळ पूर्ण वर्ष. पण भारतातून आणलेला साठा आधी संपवू म्हणून पहिली बाटली 20 मे रोजी घेतली, तर पुढच्या 18 ऑगस्ट आणि 16 नोव्हेंबरला येतील, आणि तिसऱ्या रिफिलची वेळ येईल 14 फेब्रुवारी 2027 ला. लेबलवर तेव्हाही ‘1’ शिल्लक दिसेल, पण तारीख महिनाभर आधीच उलटून गेलेली असेल. आकडा आणि तारीख यांत तारखेचं चालतं.

‘रिफिल्स 0’ किंवा ‘नो रिफिल्स’ याचा अर्थ औषधाप्रमाणे बदलतो, आणि लेबल तो उलगडून सांगत नाही. डॉक्सिसायक्लिनवरचं शून्य म्हणजे कोर्स इथे संपला. रक्तदाब, थायरॉइड, मधुमेहाच्या गोळ्यांवरचं शून्य म्हणजे डॉक्टरांची परवानगी पुन्हा घ्यायची आहे. ‘गोळ्या बंद करा’ असं कुणीही सांगितलेलं नाही. पाहुणे आलेले आईवडील हे शून्य वाचून ‘डॉक्टरांनी बंद केली’ असं ठरवतात आणि रक्तदाब वर जातो. शेवटच्या बाटलीतल्या दोन आठवड्यांच्या गोळ्या राहिल्या की फार्मसीला सांगा, ती डॉक्टरांना विनंती पाठवते. उत्तर यायला दोन-चार दिवस लागू शकतात, कधी डॉक्टर तपासायलाही बोलावतात.

काही औषधांवर शून्य कायद्यानेच येतं. व्यसन लागण्याचा धोका मोठा असलेली औषधं, वर आलेली हायड्रोकोडोनची जोडगोळी त्यातलीच, शेड्यूल दोनमध्ये मोडतात आणि त्यांना रिफिल देताच येत नाही. दर वेळी नवं प्रिस्क्रिप्शन लागतं. शेड्यूल तीन आणि चारच्या औषधांना, उदाहरणार्थ झोपेच्या काही गोळ्यांना, सहा महिन्यांच्या आत जास्तीत जास्त पाच रिफिल. या बाटल्यांवर एक ओळ हमखास असते, की हे औषध ज्याच्या नावाने दिलं त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला देणं केंद्रीय कायद्याने मना आहे. शेजारच्या काकूंच्या पाठदुखीसाठी दोन गोळ्या देणं हा आपल्याकडे शेजारधर्म असेल, तिथे तो गुन्हा ठरतो.

रिफिल शिल्लक असूनही ‘टू सून’ असं उत्तर मिळालं तर ते बहुधा विमा कंपनीचं असतं. आधीच्या बाटलीचे साधारण तीन चतुर्थांश दिवस सरल्याशिवाय ती पैसे देत नाही. भारतात येणार असाल आणि जास्त दिवसांचं औषध हवं असेल तर निघण्याच्या दोन आठवडे आधी फार्मसीला ‘व्हेकेशन सप्लाय’ हवा म्हणून सांगा. विमा कंपनीकडून तशी सूट मागता येते, पण आदल्या दिवशी ते जमत नाही.

रंगीत पट्ट्या: रंग सोडा, शब्द वाचा

आता बाटलीच्या बाजूच्या लाल, पिवळ्या, निळ्या पट्ट्या. भारतात औषधावरच्या लाल रंगाला अर्थ असतो. स्ट्रिपवरची उभी लाल रेघ म्हणजे हे औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, आणि 2014 पासून शेड्यूल एच-वनच्या औषधांवर लाल चौकटीत इशारा छापावा लागतो. ती नजर घेऊन अमेरिकेतल्या बाटलीकडे बघितलं की लाल म्हणजे धोका, पिवळं म्हणजे जरा जपून, निळं म्हणजे नुसती माहिती असं वाटतं. तसं ठरवणारा कुठलाही राष्ट्रीय नियम तिथे नाही. एका फार्मसीत ‘जेवणासोबत घ्या’ लाल पट्टीवर येतं आणि दुसऱ्या फार्मसीत ‘गाडी चालवू नका’ निळ्यावर. काही ठिकाणी तर सगळं काळ्यापांढऱ्यातच लेबलच्या कडेला छापतात. जागाही थोडी असते, दोन-तीन पट्ट्यांपेक्षा जास्त मावत नाहीत, म्हणून कुठल्या लावायच्या ते फार्मसीचं सॉफ्टवेअर किंवा फार्मासिस्ट निवडतो. एखादा इशारा पट्टीवर नाही म्हणून तो त्या औषधाला लागू नाही असं धरू नका. पूर्ण यादी पिशवीतल्या घडी केलेल्या कागदावर असते.

सुनंदाबाईंच्या बाटलीवर तीन पट्ट्या आहेत असं धरू. पहिली: भरपूर पाण्यासोबत घ्या. हे पचनाबद्दल नाही. डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून तिथेच विरघळली तर तिथे जखम होते, छातीत जळजळतं आणि गिळताना दुखतं. म्हणून पेलाभर, सुमारे 240 मिलिलिटर पाणी प्यायचं आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. 1-0-1 मधलं रात्रीचं ‘1’ झोपताना न घेता संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी घ्यायचं ते यासाठी.

दुसरी: उन्हात फार वेळ राहू नका. या औषधाने त्वचा उन्हाला हळवी होते आणि एरवी काहीच झालं नसतं तेवढ्या वेळात भाजते. घरात कोंडून बसायची गरज नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, सनस्क्रीन, आणि दुपारचा समुद्रकिनारा दहा दिवस पुढे ढकला.

तिसरी पट्टी गोंधळाची आहे: दुधाचे पदार्थ, अँटासिड, लोह यांच्यासोबत घेऊ नका. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम आणि अॅल्युमिनियम या औषधाला पोटात धरून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसं जात नाही. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या, अॅसिडिटीचं पांढरं पातळ औषध, यांच्यात आणि कॅप्सूलमध्ये दोन-तीन तासांचं अंतर हवंच. दुधाचं मात्र तसं कडक नाही. दुधाने डॉक्सिसायक्लिनचं शोषण थोडंच कमी होतं, आणि याच औषधाच्या माहितीपत्रकात मळमळत असेल तर अन्नासोबत किंवा दुधासोबत घेतलं तरी चालेल असं लिहिलेलं असतं. पट्टी एक सांगते, कागद दुसरं. कारण ती पट्टी या गटातल्या सगळ्या औषधांसाठी एकच असते. अशा वेळी अंदाज करू नका, फोन करून विचारा. दहा दिवस चहा, ताक, दही सगळं सोडून बसणारे आणि रिकाम्या पोटी मळमळून कोर्स अर्धवट टाकणारे, दोघेही या एका पट्टीमुळे होतात.

अटॉर्वास्टॅटिनच्या बाटलीवर ‘ग्रेपफ्रूट टाळा’ अशी पट्टी दिसते. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्षं नव्हेत. ते मोसंबीच्या जातीचं मोठं, कडसर फळ आहे आणि ते औषधाचं शरीरातलं विघटन मंदावतं. द्राक्षं खुशाल खा. पण आपल्या कोकणातलं पपनस त्याचंच जवळचं भावंड आहे आणि त्यातही तीच द्रव्यं असतात. पट्टीवर त्याचं नाव नसतं, तरी तेही टाळा.

‘चावू नका, कुटू नका’ ही पट्टी बहुधा हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांवर येते, नावापुढे इआर किंवा एक्सएल अक्षरं असतात त्यांच्यावर. दिवसभरात थोडंथोडं सुटायचं औषध कुटल्यावर एकदम सुटतं. मोठी गोळी गिळवत नाही म्हणून खलबत्त्यात कुटून मधात देण्याची रीत इथे मोडावीच लागते. गिळायला जड जात असेल तर तसं सांगा, पातळ किंवा लहान गोळीचा पर्याय असतो.

‘सगळं औषध संपवा’ ही अँटिबायोटिकवरची पट्टी सूचनेच्या ओळीसोबत वाचायची. दहा दिवस लिहिले असतील तर दहा दिवस, मग अमॉक्सिसिलिनचे 30 मिलिलिटर उरले तरी ते प्यायचे नाहीत. पट्टी आणि सूचना यांचा झगडा झाला की सूचनेची ओळ खरी.

इंग्रजी अडत असेल तर काउंटरवर दुभाषी मागा. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनांचे पैसे घेणाऱ्या फार्मसींना भाषेची मदत फुकट द्यावी लागते, ती बहुधा फोनवरून मिळते. मराठी मागा, नसेल तर हिंदी. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात सूचनांचं भाषांतर मागता येतं, पण तिथल्या ठरलेल्या भाषांत मराठी नाही, त्यामुळे फोनवर ऐकलेलं तिथल्या तिथे कागदावर मराठीत लिहून घ्या आणि परत वाचून दाखवा.

रिफिल घेऊन आल्यावर गोळीचा रंग किंवा आकार बदललेला दिसला तर लेबलवरच्या वर्णनाच्या ओळीशी ताडून बघा. कंपनी बदलली की गोळी बदलते आणि वर्णनही बदलतं, तेव्हा ते जुळलं तर काळजी नाही. वर्णन एक आणि बाटलीतली गोळी वेगळी असेल तर ती घ्यायची नाही, बाटली तशीच घेऊन फार्मसीत जायचं. आणि बाटली रिकामी झाली की टाकण्याआधी लेबलचा फोटो काढून ठेवा, मग नाव आणि आरएक्स नंबर काळ्या मार्करने पूर्ण खोडा.